साखर कारखाना हा 'कारखाना' का असतो?



बारावीच्या अर्थशास्त्रात मुलांना 'उद्योगसंस्था' हा शब्द फार लवकर भेटतो. भूमी, श्रम, भांडवल एकत्र आणून उत्पादन करणारा घटक, अशा अर्थाची व्याख्या मुलं पाठ करतात आणि आपणही लगेच मागणी-पुरवठ्याच्या वक्रांकडे वळतो. माझं मत असं आहे की या घाईत आपण त्या प्रकरणातला सगळ्यात मजेदार प्रश्नच गिळून टाकतो. बाजारात किंमत सगळ्यांना वाट दाखवते, असं आपण आधीच्या तासाला शिकवलेलं असतं. कोणी काय पिकवायचं, कोणी काय विकायचं, हे किंमत ठरवते. मग प्रत्येक माणूस स्वतंत्र व्यापारी का नाही? सकाळी उठावं, त्या दिवसाचा आपला श्रम जास्त भाव देणाऱ्याला विकावा, संध्याकाळी हिशेब मिटवावा. पगार, साहेब, हजेरीपट, बढती हे सगळं लागतंच कशाला?

हा प्रश्न वर्गात टाकून पाहा. हुशार मुलं 'श्रमविभागणी' असं उत्तर देतील. ते उत्तर पुरेसं नाही. श्रमविभागणी बाजारातही होते. शिंपी, बटणवाला आणि कापडवाला तिघे वेगळे असतात, तरी सदरा तयार होतो. कामं वाटून घ्यायला एका छपराखाली यावं लागत नाही.

रोनाल्ड कोस या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाला विद्यार्थिदशेत याच प्रश्नानं पछाडलं. आई-वडील दोघंही पोस्टाच्या तारखात्यात काम केलेले, घर साधं. १९३१-३२ मध्ये शिष्यवृत्ती घेऊन तो अमेरिकेला गेला आणि पुस्तकं वाचत बसण्याऐवजी कारखाने हिंडला, तिथल्या माणसांना विचारत सुटला की ही वस्तू तुम्ही विकत का घेता आणि ती मात्र स्वतः का बनवता. त्या काळी रशियात अख्खा देश एका कारखान्यासारखा चालवायचं घाटत होतं आणि पाश्चात्त्य अर्थतज्ज्ञ म्हणत होते की हे अशक्य आहे. कोसला प्रश्न पडला, अशक्य असेल तर अमेरिकेतले एवढे अवाढव्य कारखाने आतून हुकमावर कसे चालतात? १९३७ मध्ये त्याचा लेख छापून आला, तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. नोबेल मिळालं १९९१ मध्ये.

त्याचं उत्तर एका वाक्यात सांगता येतं: बाजार वापरायलाही खर्च येतो. माणूस शोधणं, भाव ठरवणं, माल तपासणं, करार लिहिणं, तो पाळला जातोय का बघणं, आणि मोडला तर भांडणं, या सगळ्याला वेळ आणि पैसा लागतो. यालाच पुढे व्यवहार खर्च हे नाव रूढ झालं. जिथे हा खर्च आतल्या आत हुकमानं काम करून घेण्याच्या खर्चापेक्षा जास्त होतो, तिथे उद्योगसंस्था जन्माला येते. कोसनं आपल्या लेखात रॉबर्टसन या अर्थतज्ज्ञाची एक उपमा वापरली आहे, ती आपल्या मुलांना इंग्रज मुलांपेक्षा लवकर कळेल. बाजार म्हणजे ताक आणि उद्योगसंस्था म्हणजे त्यात जमणारे लोण्याचे गोळे. प्रश्न एवढाच, की गोळा कुठे जमतो, आणि सगळ्या ताकाचं लोणी का होत नाही.

इथे एक चूक मुलं हमखास करतात, ती आधीच अडवावी. वाहतुकीचा खर्च म्हणजे व्यवहार खर्च नव्हे. ट्रॅक्टरला लागणारं डिझेल हा उत्पादनाचा खर्च आहे. तो ट्रॅक्टरवाला शोधणं, त्याच्याशी दर ठरवणं आणि तो ऐनवेळी आला नाही म्हणून दारोदार फिरणं, हा व्यवहार खर्च.

आता हे समजावायला अमेरिकेतल्या मोटारींचं उदाहरण देण्याची पद्धत आहे. मला ते नको वाटतं. आपल्याकडे त्याहून चांगलं उदाहरण शेताच्या बांधावर उभं आहे. ते म्हणजे ऊस.

ऊस तोडला की त्यातली साखर घटायला लागते. चोवीस तासांत गाळला तर ठीक, त्यापुढे प्रत्येक दिवस नुकसानीचा. वजन घटतं ते वेगळंच. गहू, सोयाबीन, कापूस भाव येईपर्यंत घरात ठेवता येतो. तोडलेला ऊस ठेवता येत नाही, आणि तो चार जिल्हे ओलांडून नेणंही परवडत नाही, कारण त्यात बहुतांश पाणी असतं. दुसऱ्या बाजूला कारखान्यालाही दम नसतो. बॉयलर पेटला की मिल रात्रंदिवस चालली पाहिजे. ऊस कमी पडून मिल थांबली, तर पुन्हा वाफ धरेपर्यंत इंधन आणि वेळ वाया जातो, आणि अर्धवट शिजलेला रस वाट बघत नाही.

थोडं गणित करू. दिवसाला अडीच हजार टन गाळणारा एक कारखाना धरा. आपल्याकडे हा आकार मोठा समजला जात नाही. एकरी पस्तीस टन उतारा धरला, तर रोज साधारण सत्तर एकर ऊस तुटला पाहिजे. बहुतेकांचा ऊस एक-दीड एकराचा, म्हणजे रोज पन्नास-साठ शेतकरी. एक कोयता, म्हणजे तोडणी करणारं नवरा-बायकोचं जोडपं, दिवसाला दोन टन तोडतं असं धरलं, तर साडेबाराशे कोयते हवेत. एका खेपेला सोळा टन नेणाऱ्या ट्रॅक्टरच्या दीडशेच्या वर खेपा. आणि हे एक दिवस नाही, सलग चार-पाच महिने.

आता कोसचा प्रश्न इथे लावा. हे सगळे स्वतंत्र व्यापारी आहेत असं समजा. रोज पहाटे पन्नास शेतकरी साडेबाराशे जोडप्यांशी दर ठरवणार, मग ट्रॅक्टरवाल्यांशी, मग कारखान्याच्या दारात उसाच्या भावावरून घासाघीस. तेवढ्यात दुपार होईल आणि ऊस वाळेल. म्हणून प्रत्यक्षात काय होतं? लागण झाली की शेतकरी गट ऑफिसात उसाची नोंद देतो. लागणीची तारीख, जात, क्षेत्र लिहिलं जातं. कारखान्याचा शेती विभाग त्यावरून तोडणीचा कार्यक्रम लावतो: आधी आडसाली, मग पूर्वहंगामी, मग सुरू आणि खोडवा. चिटबॉय येऊन चिठ्ठी देतो आणि टोळी फडात शिरते. या साखळीत कुठेही रोजचा भाव नाही. चिठ्ठी आहे, म्हणजे हुकूम आहे. बाजारातल्या किमतीची जागा एका कागदानं घेतली, आणि कोसला उद्योगसंस्था म्हणजे हेच दाखवायचं होतं.

पण रोजची घासाघीस वाचते, एवढ्यावर थांबलो तर खरी गोष्ट सुटते. त्याहून मोठा धोका अडवणुकीचा आहे. ऑलिव्हर विल्यमसन यांनी कोसचा विचार इथून पुढे नेला आणि त्यांना २००९ मध्ये नोबेल मिळालं. त्यांचं म्हणणं असं, की जेव्हा एखादी गुंतवणूक एकाच गिऱ्हाइकासाठी उपयोगाची असते, तेव्हा गुंतवणूक झाल्यानंतर दोघांतला खेळ बदलतो.

आकड्यांत बघा; आकडे समजण्यापुरते माझेच. एका शेतकऱ्यानं टनाला तीन हजार मिळतील अशा तोंडी बोलीवर एकरभर ऊस लावला. बेणं, खत, पाणी, मजुरी यात टनामागे दोन हजार चारशे गेले. आडसाली म्हणजे दीड वर्ष झालं. ऊस तुटायला आला, आणि आता खरेदीदार म्हणतो, "साखर पडलीय, बावीसशेच देतो." शेतकऱ्यापुढे काय पर्याय? जवळचा गुऱ्हाळवाला दोन हजार देतोय. दूरचा कारखाना भाडं वजा जाता एकवीसशे देईल. झालेला खर्च तर कशानंच परत येत नाही. तो मुकाट्यानं बावीसशे घेणार, टनाला दोनशे तोटा सोसून. आणि हे उलटही होतं. बॉयलर पेटलाय, यार्डात गाड्या नाहीत, अशा रात्री परिसरातल्या शेतकऱ्यांनी एकी करून "चार हजार द्या" म्हटलं, तर कारखान्याला द्यावेच लागतील.

आता वर्गाला विचारा, यात समाजाचं नुकसान कुठे झालं? मुलं म्हणतील, शेतकरी लुबाडला गेला. बरोबर, पण एकाच्या खिशातले पैसे दुसऱ्याच्या खिशात गेले, एवढंच झालं. खरं नुकसान पुढच्या वर्षी होतं. हे आपल्या वाट्याला येणार हे ठाऊक असलेला शेतकरी ऊस लावतच नाही. ऊस येईल याची खात्री नसलेला माणूस कारखाना उभारतच नाही. दोघांनाही फायद्याचा असलेला व्यवहार जन्मालाच येत नाही, आणि तो कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. व्यवहार खर्चाचा सगळ्यात मोठा भाग हा असा न घडलेल्या गोष्टींचा असतो, म्हणूनच तो शिकवायला अवघड.

"मग आधीच पक्का करार लिहावा की!" असं एखादी मुलगी म्हणेलच. म्हणू द्या. मग तिलाच तो करार फळ्यावर लिहायला सांगा. नोव्हेंबरात पाऊस झाला आणि फडात ट्रॅक्टर जाईना, तर? मिल आठ दिवस बंद पडली, तर? ऊस पेटला, तर? साखरेचे भाव दुप्पट झाले, तर? फळा संपेल, 'तर' संपणार नाहीत. कोणताच करार पुरा नसतो, आणि जिथे करार गप्प बसतो तिथे निर्णय कोणाचा, हा प्रश्न उरतो. मालकी याचंच उत्तर आहे. मालक म्हणजे करारात न लिहिलेलं ठरवणारा माणूस.

महाराष्ट्रानं या प्रश्नाची दोन उत्तरं करून पाहिली. पहिलं उत्तर, कारखान्यानं शेतच ताब्यात घ्यायचं. नगर जिल्ह्यात बेलापूर कंपनीसारख्या खासगी कारखान्यांनी कालव्याच्या पाण्याखालच्या जमिनी शेतकऱ्यांकडून लांब मुदतीच्या खंडानं घेतल्या आणि पगारी माणसं ठेवून स्वतः ऊस पिकवला. अडवणुकीचा प्रश्नच संपला, कारण दोन्ही बाजूंना मालक एकच. पुढे १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यानं हे मळे कारखान्यांच्या हातून गेले आणि १९६३ मध्ये शेती महामंडळ आलं. 'खंडकरी' हा शब्द नगर-सोलापूरकडच्या घरांतून अजून ऐकू येतो, तो या इतिहासातला. पालकांपैकी कोणाच्या घरात ती कागदपत्रं असतील तर मुलांना जरूर दाखवा.

दुसरं उत्तर, शेतकऱ्यांनी कारखानाच विकत घ्यायचा. लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं १९५० च्या सुमारास प्रवरेचा सहकारी कारखाना सुरू झाला. आपण ही गोष्ट सहकाराच्या धड्यात प्रेरक कथा म्हणून शिकवतो. ती अर्थशास्त्राच्या तासालाही शिकवावी, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. कारण तिथे रचना मोठी चतुर आहे. शेत ज्याचं त्याचं राहिलं. रात्री दोन वाजता वीज आली की पाणी द्यायला मालक स्वतः उठतो. पगारी माणसाला उठवायला वर एक मुकादम लागतो आणि मुकादमावर लक्ष ठेवायला आणखी एक. म्हणून शेत बाहेर. पण कारखाना सामाईक, कारण अडवणूक तिथेच होते. आपणच आपल्याला कसं अडवणार? लोण्याचा गोळा नेमका हवा तेवढाच जमला.

मग सगळ्या ताकाचं लोणी का होत नाही, याचंही उत्तर याच कारखान्यात सापडतं. आत किंमत नसते, म्हणून आत रांग असते. आणि जिथे रांग तिथे ओळख. फेब्रुवारीनंतर उन्हानं उसाचं वजन घटायला लागतं, म्हणून प्रत्येकाला चिठ्ठी लवकर हवी. बाजारात ज्यानं जास्त दिले त्याला आधी मिळालं असतं. इथे संचालकाच्या जवळच्याला आधी मिळतं, किंवा निदान तशी कुजबुज तरी असते. त्या ओळखीसाठी घालवलेला वेळ, निवडणुकीतली खुन्नस, गरज नसताना भरलेली माणसं, हा सगळा आत काम चालवण्याचा खर्च. तो वाढत गेला की गोळा विरघळू लागतो. राज्यातले अनेक सहकारी कारखाने बंद पडले, विकले गेले किंवा भाड्यानं चालवायला दिले गेले. त्याला केवळ 'भ्रष्टाचार' म्हणून मोकळं होणं मला पुरेसं वाटत नाही. आतला खर्च बाहेरच्या खर्चाहून मोठा झाला होता का, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं तपासायला हवं.

आणखी एक खर्च मोजमापाचा. वजनकाट्यावरून होणारी भांडणं तुम्हाला ठाऊक आहेत. 'काटा मारला' हा वाक्प्रचार उगाच आला नाही. पण वजन निदान मोजता तरी येतं. प्रत्येक गाडीतल्या उसात साखर किती, हे हजारो छोट्या शेतकऱ्यांसाठी वेगवेगळं तपासणं आणि त्यावर सगळ्यांचा विश्वास बसणं फार महाग. म्हणून रास्त आणि किफायतशीर दर, आपण ज्याला एफआरपी म्हणतो, तो कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर दिला जातो. परिणाम काय? गोड ऊस पिकवणाऱ्याला आणि फिका पिकवणाऱ्याला टनाला दर सारखाच. मग शेतकरी साखरेपेक्षा वजनाच्या मागे लागतो, आणि यात त्याचा दोष नाही. मोजणं महाग असलं की माणसं न मोजलेल्या गोष्टीकडे दुर्लक्ष करतात. हे शिक्षकांना वेगळं सांगायला नको. आपणही गुणपत्रिकेत जे मोजलं जातं तेच शिकवत बसतो.

सरकारही याच धोक्यामुळे मध्ये आलं आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस पोचल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर वर्षाला पंधरा टक्के व्याज. ऊस एकदा दिला की शेतकऱ्याच्या हातात काहीच उरत नाही, म्हणून त्याच्या वतीनं कराराचं एक कलम सरकारनं लिहून ठेवलं. ते नेहमी पाळलं जातं का, हे दर हंगामातल्या आंदोलनांवरून कळतंच.

आता शेवटी ज्या कडीबद्दल मला सगळ्यात जास्त बोलावंसं वाटतं ती. शेत शेतकऱ्याचं, कारखाना सभासदांचा, मग तोडणारा कोणाचा? तो कोणाचाच नाही. एवढ्या काटेकोर साखळीत साडेबाराशे कोयते मात्र नोकर नसतात. कारखाना वाहतूकदाराला उचल देतो, वाहतूकदार मुकादमाला, मुकादम जोडप्याला, आणि दिवाळीच्या आगेमागे बीडसारख्या जिल्ह्यांतून टोळ्या निघतात. कोसच्या हिशेबानं हे विचित्र आहे. इतक्या गरजेची माणसं उद्योगसंस्थेच्या आत हवीत. ती बाहेर आहेत, कारण काम पाच महिन्यांचं आहे आणि उरलेल्या सात महिन्यांचा पगार, आजारपण, अपघात, मुलांची शाळा यांची जबाबदारी बाहेर ठेवणं कारखान्याला स्वस्त पडतं.

पण व्यवहार खर्च त्यामुळे नाहीसा झाला नाही, फक्त दुसऱ्याच्या अंगावर गेला. उचल घेऊन मुकादम गायब झाला की ट्रॅक्टरवाला कर्जात बुडतो. कोल्हापूर-सांगलीकडे अशा तक्रारी पोलिसांत नेहमी जातात. उलट उचल फिटली नाही की जोडप्याला पुढच्या हंगामालाही त्याच मुकादमाकडे यावं लागतं. म्हणजे अडवणुकीचा जो धोका शेतकरी आणि कारखाना यांनी आपसांत मिटवला, तोच साखळीच्या टोकाला जशाच्या तसा उरला आहे. तिथे कोणी कोणाचा मालक नाही, आणि करार तर बहुधा कागदावरही नाही.

तुमच्या वर्गात दिवाळीनंतर जागा रिकामी ठेवून जाणारी किंवा दिवाळीनंतर अचानक येऊन बसणारी मुलं असतील, तर त्यांच्यासमोर हे उदाहरण घेताना भाषा जपून वापरा. पण घ्या नक्की. 'कोयता' म्हणजे दोन माणसं, तर एका उचलीवर सही किती जणांची असते, आणि दोघांतली एक आजारी पडली तर करार कोणाचा मोडला, हा प्रश्न त्यांच्याइतका नेमका कोणीच सोडवू शकणार नाही.